व्यायल्यावर गाय बसली तर

तिसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय रात्री व्यायली. सकाळी ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. हा दुग्धज्वर. यात ताप नसतो, उलट अंग थंड पडते.

दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जाते. गाईच्या रक्तात मात्र एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम असते. उरलेले हाडांतून यायला हवे. गाभणकाळात लसूणघास आणि कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण भरपूर मिळाले असेल, तर हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा सुस्तावते. म्हणून शेवटचे तीन आठवडे दोन्ही आवरावीत आणि व्यायल्यावर लगेच सुरू करावीत. पहिले दोन दिवस कासही पूर्ण पिळू नये.

बसलेल्या गाईला तोंडाने काहीही पाजू नका, औषध फुप्फुसात जाते. तिला पोत्यांच्या आधाराने छातीवर बसवा आणि डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाशच द्यावी लागते, घाई केली तर हृदय थांबू शकते.

किटोसिस सहसा नंतरच्या काही आठवड्यांत येतो. दुधाला लागणारी ऊर्जा खाण्यातून भागत नाही, गाय अंगची चरबी जाळते. ती पेंड सोडून कडबा चघळते, दूध घटते, श्वासाला गोडसर वास येतो. तो सगळ्यांनाच जाणवत नाही, म्हणून लघवीची पट्टी तपासावी. आटवलेली गाय फार लठ्ठ होऊ देऊ नये. खुराक व्यायच्या आधीपासून थोडाथोडा वाढवावा.