गटांतल्या गुणांची सरासरी

सातवीच्या वर्गात 20 मुलांची 19 गुणांची चाचणी झाली. 0–4 गुण 2 मुलांना, 5–9 गुण 5 जणांना, 10–14 गुण 9 जणांना आणि 15–19 गुण 4 जणांना मिळाले. गट पडले की प्रत्येकाचे नेमके गुण हरवतात. म्हणून गटाचा वर्गमध्य धरायचा: 2, 7, 12, 17. प्रत्येकाला त्याच्या वारंवारतेने गुणून बेरीज येते 215. अनेक मुले इथे गटांच्या संख्येने, म्हणजे 4 ने भागतात. उत्तर 53.75! कमाल गुणच 19 असताना सरासरी एवढी कशी येईल? भागायचे 20 ने, मध्य 10.75, तोही अंदाजे. मध्यकासाठी दहावा आणि अकरावा मुलगा शोधा. पहिल्या दोन गटांत 7 मुले संपतात, म्हणून दोघेही 10–14 मध्येच सापडतात. सर्वाधिक मुलेही त्याच गटात, म्हणून बहुलकाचा गटही तोच.