आडवी रेघ आधी

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीच्या शेवटी उंची आणि अंतराची उदाहरणं येतात. दीपगृह, होडी, झाड, मनोरा हे सगळं मुलांच्या ओळखीचं असतं, तरीही उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला दरवर्षी सापडते. गुणाकार-भागाकार चोख असतात, टॅनच्या किमती पाठ असतात, पण आकृतीत कोन भलत्याच ठिकाणी बसलेला असतो. तिथून पुढे कितीही नीट आकडेमोड केली तरी उत्तर चुकतंच.

एक उदाहरण घेऊ. दीपगृहाचा माथा समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंच आहे. माथ्यावरून एकाच दिशेला दोन होड्या दिसतात. त्यांचे अवनत कोन ३०° आणि ४५° आहेत. दोन्ही होड्या आणि दीपगृहाचा पाया एका सरळ रेषेत आहेत, तर होड्यांमधलं अंतर किती?

बहुतेक मुलं आधी उभी रेघ काढतात, म्हणजे दीपगृह. खाली आडवी रेघ, म्हणजे समुद्र. माथ्यापासून होडीपर्यंत तिरकी रेघ, ती दृष्टिरेषा. त्रिकोण तयार झाला की हात आपोआप त्रिकोणाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात जातो आणि तिथे ३०° लिहून मोकळा होतो. हाच तो चुकीचा कोपरा. तिथे दीपगृह आणि दृष्टिरेषा यांच्यामधला कोन आहे. अवनत कोन मात्र क्षितिजसमांतर रेषेपासून खाली मोजतात आणि ती रेषा आपण अजून काढलेलीच नाही! माथ्यावर उभा असलेला माणूस आधी समोर सरळ बघतो, मग होडी दिसेपर्यंत नजर खाली आणतो. नजर जेवढी वळली तेवढा अवनत कोन. तो त्रिकोणाच्या बाहेर, हवेत असतो.

म्हणून मी मुलांना सांगते, दीपगृह काढलं की माथ्यातून एक तुटक आडवी रेघ ओढा आणि कोन त्या रेघेखाली लिहा. मग तो त्रिकोणात आणायचा कसा? वरची तुटक रेघ आणि खालचा समुद्र समांतर आहेत, दृष्टिरेषा त्यांची छेदिका आहे. व्युत्क्रम कोन समान असतात, त्यामुळे वरचे ३०° खाली होडीपाशीही ३०° च असतात. होडीतल्या माणसाने माथ्याकडे पाहिलं तर त्याचा उन्नत कोन तोच असेल. हे झालं की मगच पेन्सिल आकडेमोडीकडे न्यायची.

होडीपाशी कोन ठेवला की दीपगृह ही संमुख बाजू आणि अंतर ही लगतची बाजू. ४५° च्या होडीसाठी टॅन ४५° = १, म्हणून अंतर ६० मीटर. ३०° च्या होडीसाठी टॅन ३०° = १/√३, म्हणून अंतर ६०√३, म्हणजे √३ = १.७३ धरून १०३.८ मीटर. होड्या एकाच बाजूला आहेत, म्हणून वजाबाकी: ४३.८ मीटर. त्या दीपगृहाच्या विरुद्ध बाजूंना असत्या तर बेरीज करावी लागली असती. हा निर्णयही आकृतीच देते, सूत्र देत नाही.

आता चुकीच्या कोपऱ्यात ३०° लिहिणाऱ्या मुलाचं काय होतं? त्याला ते अंतर सुमारे ३४.७ मीटर मिळतं. ही चूक उत्तरपत्रिकेतच पकडता येते. लांबच्या वस्तूकडे पाहताना नजर कमी झुकते, जवळच्या वस्तूकडे पाहताना जास्त. ३०° ची होडी ४५° च्या होडीपेक्षा लांबच असायला हवी, आणि या उत्तरात ती जवळ आली आहे. शिवाय अवनत कोन ४५° पेक्षा लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा मोठंच येतं. एवढं डोळ्यांनी पाहिलं तरी पुरतं.

४५° ची उदाहरणं या बाबतीत फसवी असतात. तिथे कोन त्रिकोणाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला तरी उत्तर बरोबरच येतं, कारण उरलेला कोनही ४५° च असतो. सरावाच्या कागदावर पहिली चार गणितं ४५° ची असली तर चुकीची सवय पक्की होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मी सुरुवात नेहमी ३०° किंवा ६०° ने करते.

उन्नत कोनातही आडवी रेघ लागतेच, फक्त ती डोळ्यातून जाते, पायातून नाही. दीड मीटर उंचीवर डोळे असलेली मुलगी नारळाच्या बुंध्यापासून १२ मीटरवर उभी राहून ४५° कोनात शेंडा पाहते, तेव्हा त्रिकोणातून १२ मीटर मिळतात. झाड मात्र साडेतेरा मीटरचं असतं. डोळ्यांखालचा दीड मीटर त्रिकोणात नाहीच, तो शेवटी मिळवावा लागतो.

हे मैदानात करून पाहायचं तर कोनमापकाच्या सरळ कडेला पेनची नळी चिकटवा आणि केंद्रबिंदूतून दोरा बांधून त्याला खडा लटकवा. नळी आडवी धरली की दोरा ९०° वर येतो. नळीतून शेंडा पाहिल्यावर दोरा ६०° वर आला, तर वहीत ६० लिहायचे नाहीत. दोरा ओळंब्यासारखा उभा लटकतो, त्यामुळे ते ६०° उभ्या रेषेपासून मोजलेले आहेत. उन्नत कोन ९० मधून ६० वजा करून ३०° येतो.