इसाराचे पैसे आणि भावाची वाढ

नेरळहून आत गेले की कर्जत तालुक्यातले आमचे कळंब लागते. या बाजूच्या जमिनींची मुंबईकरांना भारी ओढ. त्यामुळे इसार हा शब्द इकडे लहान पोरांनाही ठाऊक असतो. शेअरबाजारातला ‘कॉल’ कोणाला समजावून द्यायचा झाला, की मी मराठीचा प्राध्यापक इसारापासूनच धडा सुरू करतो.

समजा, तुमच्या जमिनीचा भाव आज 10 लाख आहे. एक गृहस्थ येऊन म्हणतो, “हे 25 हजार ठेवा. महिन्याच्या आत मला वाटले तर मी जमीन 10 लाखांनाच घेईन. नाही वाटले तर घेणार नाही. पैसे मात्र तुमचेच.” इसार किमतीत वळता होतो, हे पैसे वळते होत नाहीत, एवढा फरक लक्षात ठेवा. भाव 12 लाखांवर गेला तर तो गृहस्थ 10 लाखांत जमीन घेऊन जाईल. भाव 8 लाखांवर आला तर तो फिरकणारही नाही, आणि तोटा तुमच्या पदरात राहील. जवळच्या शेअरांवर असा करार लिहून देणे याचे नाव कव्हर्ड कॉल, आणि त्या 25 हजारांचे नाव प्रीमियम.

हे सारे सांगायचे कारण आमचे भाऊजी. ते निवृत्त शिक्षक. वडिलोपार्जित जमिनीचा त्यांचा हिस्सा विकला गेला आणि हातात बरी रक्कम आली. मुलगा न्यू जर्सीला. त्याने कळवले, की तिकडे असे कॉल विकून दरमहा पैसे वाटणारे फंड असतात आणि वर्षाकाठी 11-12 टक्के सहज सुटतात.

“बँकेपेक्षा बरे व्याज आहे की रे!” भाऊजी मला म्हणाले.

“भाऊजी, हे व्याज नव्हे. पुढची वाढ आज विकून आलेले हे पैसे आहेत. ती स्वस्तात विकली की महागात, एवढेच पाहायचे.”

ज्या फंडाविषयी पत्र होते त्याचे नाव ग्लोबल एक्स नॅस्डॅक 100 कव्हर्ड कॉल. पडद्यावर तो QYLD या अक्षरांनी दिसतो. डिसेंबर 2013 मध्ये तो निघाला. नॅस्डॅकमधल्या 100 मोठ्या कंपन्यांचे शेअर जवळ ठेवायचे आणि त्या निर्देशांकावर दर महिन्याला, चालू भावालाच, महिन्याच्या मुदतीचा कॉल विकायचा, ही त्याची रीत. आलेल्या प्रीमियमचा अर्धा भाग किंवा फंडाच्या मूल्याचा 1 टक्का, यांपैकी जे कमी असेल ते दरमहा वाटायचे, असे त्याचे धोरण राहिले आहे. मुलाने लिहिलेले 11-12 टक्के येतात ते येथून.

आता दोन वर्षांचा हिशेब पाहा. 2022 साली नॅस्डॅक 100 सुमारे 32 टक्के पडला. वाटलेले पैसे धरूनही हा फंड सुमारे 19 टक्के पडला. पडताना प्रीमियमची उशी उपयोगी पडली, हे मान्य केलेच पाहिजे. 2023 साली मात्र निर्देशांक लाभांश धरून सुमारे 55 टक्के चढला आणि फंड साधारण 23 टक्क्यांवरच थांबला. म्हणजे घसरणीतला निम्म्याहून अधिक वाटा पदरी आला, चढणीतला निम्म्याहून कमी.

असे का व्हावे, हे एका शेअरवर मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. शेअर 1000 रुपयांचा. फंडाने 1000 च्याच भावाचा कॉल विकून 25 रुपये घेतले. महिन्याअखेर शेअर 900 वर आला. फंडाने रीतीप्रमाणे नवा कॉल लिहिला, पण आता 900 च्या भावाचा, आणि 27 रुपये घेतले. दुसऱ्या महिन्यात शेअर पुन्हा 1000 झाला. नुसता शेअर धरून बसलेल्याचे काहीच गेले नाही. फंडाला मात्र 900 च्या वरचे शंभर रुपये कॉल घेणाऱ्याला द्यावे लागले. त्याच्याजवळ उरले 900 आणि दोन प्रीमियम मिळून 52. एकूण 952. ते 52 दरमहा वाटून टाकले, तर गुंतवणूकदाराच्या नावावर 900 च राहिले.

घसरण पूर्ण सोसायची आणि सावरण आधीच विकून टाकायची, ही या रीतीतली मेख आहे. सुरुवातीला 25 डॉलरांच्या आसपास असलेला या फंडाचा भाव 2023 च्या अखेरीस 17 च्या घरात होता. त्याच दहा वर्षांत निर्देशांक जवळजवळ पाचपट झाला. शिवाय 25 चा 1 टक्का वेगळा आणि 17 चा वेगळा. टक्का तोच दिसतो, महिन्याचा हप्ता मात्र आटत जातो.

“मग मीच कॉल विकले तर?” भाऊजींनी विचारले. प्रश्न योग्य होता.

त्याच शेअरवर भाऊजींनी 1050 च्या भावाचा कॉल विकला असता, तर प्रीमियम 10 रुपयेच मिळाला असता; पण पहिले पन्नास रुपये वाढ त्यांची राहिली असती. शेअर 900 वर आल्यावर ते त्या महिन्यात कॉल न लिहिता स्वस्थ बसू शकले असते. शेअर 1000 वर परतला की त्यांचे 1010. शेअर 900 वरच पडून राहिला असता, तर मात्र त्यांचे 910 आणि फंडाचे 952. आणि पहिल्याच महिन्यात शेअर 1150 वर गेला असता, तर 1060 घेऊन शेअर हातचा सोडावा लागला असता. भाव आणि महिना निवडण्याची मोकळीक, हा स्वतः लिहिण्याचा खरा लाभ. प्रीमियम जास्त मिळतो म्हणून नव्हे.

ही मोकळीक फुकट नाही. आपल्याकडे एकेका कंपनीचा कॉल लॉटनेच विकावा लागतो आणि लॉट काही लाखांचा असतो. म्हणजे भाऊजींची बरीच पुंजी एकदोन कंपन्यांत अडकणार. शेअर जवळ असूनही दलालाकडे मार्जिन ठेवावे लागते. त्यासाठी शेअर गहाण ठेवले, तरी त्यांचे पूर्ण मूल्य धरत नाहीत. ऑक्टोबर 2019 पासून अशा करारांत मुदतीला प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. कॉलचे उत्पन्न प्राप्तिकरात धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. आणि पडत्या महिन्यात स्वस्थ बसणे बोलायला सोपे. त्या महिन्याच्या दूधवाल्याचे बिल काही स्वस्थ बसत नाही.

देशी फंड हे काम पुरतेपणी करील, अशीही आशा नको. सेबीने जानेवारी 2019 मध्ये म्युच्युअल फंडांना कव्हर्ड कॉलची मुभा दिली, ती निफ्टी आणि सेन्सेक्समधल्या शेअरांपुरती, आणि योजनेतल्या शेअरांच्या मूल्याच्या 15 टक्क्यांपर्यंतच.

भाऊजींना मी वहीत एक बेरीज करायला सांगितली. एका रकान्यात फंडाचा आजचा भाव आणि आजवर वाटलेले सारे पैसे. दुसऱ्यात तोच निर्देशांक साध्या फंडातून धरला असता तर झालेली रक्कम. दोहोंतला फरक म्हणजे दरमहाच्या सोयीची किंमत. साध्या फंडातले थोडे युनिट दरमहा विकूनही घरखर्चाची रक्कम काढता येते. पडत्या काळात तेही झोंबते, पण सावरण आपलीच राहते.

बेरीज पाहून भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे दर महिन्याला जमिनीचा एकेक गुंठा विकून त्याला उत्पन्न म्हणायचे.”

“भाव वाढत असला तर तसेच,” मी म्हटले. “भाव जागच्या जागी राहिला, तर तुमचा फायदा.”

दोन वर्षांच्या घरखर्चाची रक्कम त्यांनी बँकेत ठेवली आणि मुलाला लिहिले, की उरलेल्या पैशांची वाढ आत्ताच विकण्याची आम्हांस घाई नाही.