ऋणनिर्देशाचे पान नव्याने लिहिताना

पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देश सुरुवातीलाच छापलेला असतो, पण तो लिहिला जातो बहुतेकदा सगळ्यांत शेवटी, प्रबंध बांधणीला जायच्या आदल्या रात्री. त्यामुळे आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधातला मजकूर समोर ठेवून नावे तेवढी बदलली जातात. यूजीसीच्या 2018च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून ऋणनिर्देश वगळलेला असल्याने ही उसनवारी सॉफ्टवेअरला सापडत नाही. वाचणाऱ्याला मात्र ती पहिल्या ओळीतच कळते. शिवाय प्रबंध ‘शोधगंगा’वर गेला की हे पान कुणालाही वाचता येते.

ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावरचा एक कल्पित प्रबंध उदाहरणादाखल घेऊ. त्याचा चार पानी ऋणनिर्देश संस्थेच्या अध्यक्षांपासून सुरू होतो. मग सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख अशी पदांची उतरंड लागते. मार्गदर्शक दुसऱ्या पानावर येतात, शिष्यवृत्तीचा उल्लेख तिसऱ्या पानावर एका वाक्यात उरकला जातो, आणि ज्या बायकांच्या मुलाखतींवर सगळा प्रबंध उभा आहे, त्या ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञातांमध्ये’ विरून जातात.

फेरलेखनाची सुरुवात म्हणून प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न लिहावा: या व्यक्तीने प्रबंधासाठी नेमके काय केले? उत्तर एका वाक्यात देता आले तर नाव राहते. अध्यक्षांनी अभ्यासरजा मंजूर केली असेल, तर तेवढे लिहावे, पण संस्थेच्या परिच्छेदात. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही अशी नावे गळतात. हे करताना संकोच वाटतो, पण पदासाठी मानलेले आभार आणि कामासाठी मानलेले आभार एकाच पानावर आले की दुसऱ्यांची किंमत उतरते.

उरलेल्या नावांचा क्रम प्रबंधाशी असलेल्या जवळिकीवर ठरतो. आधी मार्गदर्शक आणि संशोधन सल्लागार समिती, मग शिष्यवृत्ती देणारी संस्था, तिच्या अधिकृत नावानिशी आणि कालावधीसह. त्यानंतर माहिती देणारी माणसे, ग्रंथालये, सहकारी आणि शेवटी घर. क्षेत्रीय अभ्यासात माहिती देणाऱ्यांना शिष्यवृत्तीच्याही वर नेले तर बिघडत नाही, उलट ते अधिक योग्य दिसते. बहिःस्थ परीक्षकांचे आभार मात्र सादर करायच्या प्रतीत नसावेत, कारण त्यांचे काम अजून सुरूच झालेले नसते.

माहिती देणाऱ्यांच्या परिच्छेदात सर्वांत मोठी चूक कृतज्ञतेपोटीच होते. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात ‘मुलाखत देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवली आहेत’ असे लिहिलेले असते आणि ऋणनिर्देशात पाच बायकांची नावे गावासकट छापली जातात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबद्दल किंवा मुकादमाच्या उचलीबद्दल जी बाई विश्वासाने बोलली, ती त्यातून ओळखू येते. नाव न घेता, छोट्या वस्तीचे नाव आणि एखादी खूण दिली तरी तेच होते. अशा वेळी लिहावे: ‘दिवसभराच्या तोडणीनंतर, स्वयंपाक बाजूला ठेवून ज्या स्त्रिया बोलल्या, त्यांची नावे कबूल केल्याप्रमाणे येथे दिलेली नाहीत.’ या वाक्यात वचनही पाळले जाते आणि ऋणही नोंदले जाते.

सूर संयत करणे म्हणजे मुख्यतः विशेषणे काढून त्या जागी कृती लिहिणे. मूळ वाक्य असे: ‘परमपूज्य गुरुवर्यांचे अनमोल मार्गदर्शन लाभले हे माझे भाग्य, त्यांचे आभार मानण्यापेक्षा त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल.’ यातून मार्गदर्शकांबद्दल काहीच कळत नाही. नवे वाक्य: ‘अभ्यास एका तालुक्यापुरता मर्यादित ठेवण्याची सूचना मार्गदर्शकांची. दुसरे प्रकरण त्यांनी दोनदा नव्याने लिहायला लावले.’ यात गौरवाचा एकही शब्द नाही, तरी त्यांनी घातलेले लक्ष दिसते. घरच्यांबद्दलही असेच लिहावे. ‘पत्नीच्या त्यागाशिवाय हे शक्य नव्हते’ यापेक्षा ‘क्षेत्रभेटींच्या काळात मुलांची शाळा आणि वडिलांचे आजारपण पत्नीने सांभाळले’ हे अधिक खरे आहे. जोडीदाराने मुलाखतींचे लिप्यंतर केले असेल, तर ते घरच्या परिच्छेदात न ढकलता कामाच्या परिच्छेदात नोंदवावे.

अर्पणपत्रिकेचे पान वेगळे असते. ती द्यायची की नाही, आणि दिली तर कुठे, हे आधी विद्यापीठाच्या नियमावलीत पाहावे. उदाहरणातल्या प्रबंधात आई-वडील, गुरू, पत्नी, मुलगा आणि ‘तमाम कष्टकरी’ या सगळ्यांच्या चरणी एकच अर्पण आहे, तेही सहा ओळींत. अर्पण शक्यतो एकालाच असावे आणि कारण सांगत बसू नये. ‘आईस’ एवढे पुरते. आई स्वतः तोडणीला गेलेली असेल, तर ‘आईस, जिने वीस हंगाम ऊस तोडला’ इतके चालेल, कारण ती माहिती प्रबंधाच्या विषयाशी जोडलेली आहे. आईला अर्पण केल्यावर ऋणनिर्देशात तिच्यासाठी पुन्हा परिच्छेद नको.

असे लिहिल्यावर चार पानांचा मजकूर दीड पानावर येतो. मग प्रत्येक नाव, पद आणि आडनावाचे लेखन त्या त्या व्यक्तीकडून पडताळावे, आणि काम चालू असताना जे निवृत्त झाले किंवा वारले त्यांचा उल्लेख त्याप्रमाणे दुरुस्त करावा.