आक्षेप मोठा की किरकोळ?

जर्नलकडे आलेला शोधनिबंध छापायचा की नाही हे ठरवण्याआधी संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. त्यांचा लेखी अहवाल म्हणजे पीअर रिव्ह्यू. तो वाचून संपादक निर्णय घेतो आणि लेखक दुरुस्त्या करतात. म्हणून त्यात मोठे आक्षेप आणि किरकोळ सूचना वेगवेगळ्या मांडाव्या लागतात.

समजा, निंबोळी अर्काच्या फवारणीने कपाशीवरचा मावा कमी होतो, असा निबंध आला आहे. एका प्लॉटवर फवारणी केली, शेजारचा तसाच ठेवला आणि दोन्हींतली 20-20 झाडे तपासली. समीक्षकाला त्यात तीन गोष्टी खटकतात. आलेखाच्या उभ्या अक्षावर एकक नाही, अर्काचे प्रमाण कुठेच दिलेले नाही आणि फवारणी एकाच प्लॉटवर झाली आहे.

प्रत्येक आक्षेपाला एकच प्रश्न विचारायचा: हे असेच राहिले, तर निष्कर्षावर विसंबता येईल का? झाडामागे किती मावा मोजला हे मजकुरात स्पष्ट असेल, तर अक्षावरचे एकक ही किरकोळ दुरुस्ती. अर्काचे प्रमाण मात्र कळलेच नाही, तर हा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहता येणार नाही. हा आक्षेप मोठा, पण एका ओळीने मिटणारा.

तिसरा सर्वांत गंभीर. एकाच प्लॉटमधल्या 20 झाडांना माती, पाणी आणि वारा सारखाच मिळतो. मावा कमी आढळला तो अर्कामुळे की त्या जागेमुळे, हे यातून ठरवता येत नाही. झाडे 40 असली, तरी तुलना दोनच प्लॉटांची आहे. या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असे नाव दिले.

‘प्रयोगाची रचना सदोष आहे’ एवढेच लिहिले, तर लेखकाला पुढे काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘फवारणी एकाच प्लॉटवर झाल्याने अर्काचा आणि जागेचा परिणाम वेगळा करता येत नाही. इतर प्लॉटांच्या नोंदी असतील तर त्या जोडाव्यात. नसतील तर हा प्राथमिक निरीक्षणाचा निबंध म्हणून मांडावा आणि शीर्षकातला दावा सौम्य करावा.’ दावा आवरता घेऊन भागत असेल, तर आणखी एका हंगामाचा प्रयोग मागू नये.

अहवालाची सुरुवात निबंधाचा आशय आपल्या शब्दांत सांगून करावी. समीक्षकाला निबंध नीट समजला आहे का, हे लेखकालाही कळते. मग निबंधाची बलस्थाने, त्यानंतर क्रमांक घालून मोठे आक्षेप, शेवटी पान आणि ओळ सांगून किरकोळ सूचना. स्वीकारावा की नाकारावा ही शिफारस बहुतेक जर्नल संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात मागतात, तिथेच ती करावी. क्रमांक असले की लेखक मुद्देसूद उत्तर देतात आणि दुसऱ्या फेरीत कोणता आक्षेप मिटला, कोणता उरला, हे पटकन तपासता येते.