घरचं पाणी (लेखांक ७) : दोन इंची पाइप बाहेरून किती मिलिमीटर?

मागच्या लेखात आपण विहिरीवरच्या पंपापासून टाकीपर्यंत पाण्याची लाइन कशी आखायची ते पाहिलं. ती आखणी कागदावरून दुकानाच्या काउंटरवर आली की पहिला गोंधळ मापाचा होतो. दुकानात आपण ‘दोन इंची’ म्हणतो, पाइपवर ६३ मिलिमीटर छापलेलं असतं आणि फिटिंगच्या पिशवीवर आणखी तिसराच आकडा दिसतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून दोन इंच म्हणजे ५०.८, हा हिशेब इथे चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या कुठल्याही दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ५०.८ नसतो.

याचं मूळ लोखंडी पाइपमध्ये आहे. पूर्वी पाइपचं नाव त्याच्या आतल्या पोकळीवरून, म्हणजे बोअरवरून पडलं. पुढे लोखंड सुधारलं, तसा पातळ जाडीचा पाइपही तेवढाच दाब सोसू लागला. पण बाहेरचा व्यास बदलला असता तर आटे पाडायची डाय आणि आधीच बसवलेल्या लाखो एल्बो-सॉकेट वाया गेल्या असत्या. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं आणि कमी झालेली जाडी आतल्या बाजूने गेली. आजही दोन इंची जीआय पाइप हातात घ्या : पिवळ्या पट्ट्याचा हलका, निळ्या पट्ट्याचा मध्यम आणि लाल पट्ट्याचा जड, तिघांचा बाहेरचा व्यास सुमारे ६०.३ मिलिमीटरच. भिंतीची जाडी अनुक्रमे २.९, ३.६ आणि ४.५. वजा करून पाहिलं तर पोकळी साधारण ५४.५, ५३.१ आणि ५१.३ निघते. म्हणजे ‘दोन इंची’ हे आता नुसतं नाव आहे. फिटिंग मात्र बाहेरून बसतं, म्हणून आपल्याला बाहेरचाच व्यास माहीत हवा.

हा ६०.३ चा आकडा पुढे प्लास्टिकमध्येही आला. घराच्या प्लंबिंगसाठी मिळणारा शेड्यूल ४० किंवा ८० चा यूपीव्हीसी पाइप याच लोखंडी मापावर बेतलेला असतो. त्यासाठी सूत्र नाही, आकडे लक्षातच ठेवावे लागतात : अर्धा इंची २१.३, पाऊण इंची २६.७, एक इंची ३३.४, दीड इंची ४८.३, दोन इंची ६०.३, तीन इंची ८८.९.

गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप वेगळ्या घराण्यातला. त्याची मापं तांब्याच्या नळीवरून आली आहेत आणि इथे मात्र एक सोपी रीत आहे. मिस्त्रीच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. नावाचं माप सुतात मांडा आणि त्यात एक सूत मिळवा, बाहेरचा व्यास निघाला. पाऊण इंची म्हणजे सहा सूत, अधिक एक, सात सूत. एक सूत ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणून २२.२. अर्धा इंची १५.९, एक इंची २८.६ आणि दोन इंची ५४.०. एवढं लक्षात ठेवलं की सीपीव्हीसीचा तक्ता पाठ करावा लागत नाही.

तिसरं घराणं शेतीच्या पीव्हीसीचं, आयएस ४९८५ चं. तिथे पाइपवर छापलेला आकडा हाच बाहेरचा व्यास असतो : ५०, ६३, ७५, ९०, ११०. पण शेतकरी आणि दुकानदार बोलताना ६३ ला दोन इंची, ७५ ला अडीच इंची, ९० ला तीन इंची आणि ११० ला चार इंची म्हणतात. म्हणजे एकाच दुकानात, एकाच नावाने मागितलेले तीन दोन इंची पाइप ५४, ६०.३ आणि ६३ मिलिमीटरचे निघतात.

आता प्रत्यक्ष काम घेऊ. समजा, विहिरीवरून घरापर्यंत शेतीची ६३ ची लाइन आली आहे आणि टाकीकडे चढणारी लाइन शेड्यूल ४० यूपीव्हीसीची आहे. दोन्ही ‘दोन इंची’. ६०.३ चा पाइप ६३ च्या सॉकेटमध्ये घातला तर तो खळखळतो. दोन्हींमध्ये मिळून २.७ मिलिमीटरची फट राहते. सोल्युशन ही फट भरणारी लांबी नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मुरवतं, त्यासाठी ते एकमेकांना टेकलेले हवेत. फटीत भरलेलं सोल्युशन वरून घट्ट दिसतं, पण पंप सुरू झाल्यावर पाण्याचा धक्का बसला की सुटतं. दुसरी वाट म्हणजे पाइपचं टोक जाळावर तापवून फुगवायचं. शेतावर हे सर्रास चालतं, पण तापवून ताणलेली भिंत नेमकी सांध्यावरच पातळ होते आणि पुढे तिथेच चीर जाते. टाकीच्या लाइनला तरी हे करू नये.

योग्य उपाय आट्यांचा आहे, कारण दोन्ही घराण्यांत दोन इंची आटे सारखेच मिळतात. ६३ च्या बाजूला ६३ × २ इंचीचा बाहेर आटे असलेला अडॅप्टर, म्हणजे दुकानातला एमटीए. यूपीव्हीसीच्या बाजूला दोन इंची एफटीए. एमटीएच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आधी हे दोन अडॅप्टर एकमेकांत आवळा आणि मगच दोन्हीकडचे पाइप सोल्युशन लावून बसवा. उलट केलं तर आवळण्यासाठी अख्खी लाइन फिरवावी लागते. आटे बीएसपीचे आहेत का हे घेतानाच पाहा. अमेरिकी एनपीटीत या मापाला इंचाला अकराऐवजी साडेअकरा आटे असतात, तो दोन-चार फेरे जातो आणि अडकतो.

दोन इंचीत फट डोळ्यांना दिसते. खरी फसगत तीन इंचीत होते. तिथे ८८.९ चा पाइप ९० च्या सॉकेटमध्ये जातो, फरक जेमतेम १.१ मिलिमीटरचा, आणि माणसाला वाटतं बसला. याची खूण सोल्युशन लावण्यापूर्वीच मिळते. जुळणारा पाइप कोरडा घातला की सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांशावर घट्ट होतो, कारण सॉकेट आत निमुळतं असतं. कोरडा पाइप थेट तळाला टेकत असेल आणि हलत असेल, तर घराणं चुकलं आहे.

छापील अक्षरं पुसली असतील आणि कॅलिपर हाताशी नसेल, तर वर्तमानपत्राची पट्टी कापून पाइपभोवती गच्च गुंडाळा. जिथे ती स्वतःवर येते तिथे टाचणी टोचा, पट्टी उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. १९८ आलं तर पाइप ६३ चा, १८९ आलं तर ६०.३ चा, १७० च्या आसपास आलं तर ५४ चा. या पद्धतीत मोजताना एक मिलिमीटर चूक झाली तरी व्यासात ती ०.३ पेक्षा थोडीच जास्त उतरते. दोरा घेऊ नका, तो ताणला जातो. माप कापलेल्या टोकावर न घेता हातभर आत घ्या. टोकाला काठ उठलेला असतो आणि उन्हात पडलेला पाइप थोडा चपटाही झालेला असतो.

दुकानात जाताना चिठ्ठीवर नुसतं ‘दोन इंची एल्बो’ लिहू नका. पाइपचा प्रकार आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, आणि जमलं तर जुन्या पाइपचा वीतभर तुकडा सोबत न्या. पुढच्या आठवड्यात टाकीवरच्या व्हॉल्व्हबद्दल.