नाव ठणठणीत, यंत्र आजारी

व्यवस्थापनाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. एका जुन्या, नावाजलेल्या ब्रँडची विक्री घसरली आहे. त्याचं परीक्षण करा आणि त्याला पुन्हा उभं करण्याचा आराखडा द्या. बऱ्याच उत्तरपत्रिका पहिल्याच पानावर नवा लोगो, नवी जाहिरात आणि एखादा सिनेनट यांच्याकडे धाव घेतात. गुण तिथेच जातात. ब्रँड म्हातारा झाला म्हणजे त्याचा नेमका कोणता भाग म्हातारा झाला, हे शोधल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. हा शोध कसा घ्यायचा, हे समजून घ्यायला रॉयल एनफिल्डसारखं दुसरं उदाहरण आपल्याकडे नाही.

साल 2000. बुलेट बनवणारी ही कंपनी आयशर उद्योगसमूहाच्या ताब्यात होती आणि तिला विकून टाकावं किंवा बंद करावं, असा विचार संचालक मंडळात चालू होता. सिद्धार्थ लाल या 26 वर्षांच्या तरुणाने, म्हणजे आयशरच्या प्रमुखांच्या मुलाने, थोडी मुदत मागून घेतली आणि कंपनीची सूत्रं हातात घेतली. तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा आणि उत्तर लिहायला घ्या.

सुरुवात दुखणं आकड्यात मांडण्यापासून करायची. महिन्याला साधारण 6,000 गाड्या बनवण्याची क्षमता होती आणि विकल्या जात होत्या जेमतेम 2,000. म्हणजे कारखान्याचा दोन तृतीयांश भाग रिकामा बसून खर्च खात होता. त्यात विक्री टिकवण्यासाठी विक्रेत्यांना सवलती द्याव्या लागत होत्या. जाणकार परीक्षक इथे थांबून वाचतो. सवलतीवर टिकलेली विक्री हे म्हाताऱ्या ब्रँडचं पहिलं लक्षण असतं, कारण त्या नावासाठी पूर्ण किंमत मोजायला लोक तयार नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

पुढचं काम यादीचं. केविन लेन केलर यांच्या ब्रँड व्यवस्थापनावरच्या पाठ्यपुस्तकाने परीक्षणाचे दोन भाग पाडले आहेत: कंपनी काय विकते आणि काय सांगते याची यादी हा एक, आणि लोकांच्या मनात काय आहे याचा शोध हा दुसरा. यादीचं काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून विद्यार्थी ते चार ओळींत उरकतात. एनफिल्डची यादी मात्र खूप काही बोलते. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या साथीने भारतात आलेली ही इंग्लिश गाडी लष्कराची आणि पोलिसांची म्हणून ओळखली गेली. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, तरी मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट बनतच राहिली, आणि जवळजवळ तशीच बनत राहिली. बिडाचं इंजिन. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. गाडी सुरू करायची तर अँपिअर मीटरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग किक मारायची. चुकली तर ती पायावर उलटायची. मधल्या काळात कंपनीने सिल्व्हर प्लस, एक्सप्लोरर, फ्युरी अशा छोट्या गाड्या काढून पाहिल्या. डिझेलवर चालणारी टॉरसही काढली. त्यातलं टिकून राहिलं ते बुलेटचंच नाव.

समोर कोण होतं, हेही यादीत हवं. 1985 पासून हिरो होंडाच्या गाड्या कमी पेट्रोलमध्ये आणि फारशा कुरकुरीविना चालत होत्या. 2001 च्या अखेरीस पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर आणली आणि तरुणाला ताकदीची गाडीही बिनकटकटीची मिळू शकते, हे दाखवून दिलं. ‘दमदार गाडी म्हणजे थोडा त्रास असणारच’ हा बुलेटचा बचाव त्या दिवशी संपला.

आता मनाचा शोध, आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते. कंपनी फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकांना विचारते. बुलेटवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, गिअर उजवीकडेच राहू द्या, इंजिनाला हात लावू नका, गाडी आहे तशी उत्तम आहे. तो प्रामाणिक असतो, पण महिन्याला 2,000 गाड्या घेणाऱ्यांपैकी एक असतो. म्हणून उत्तरात तीन गट वेगळे करायचे: गाडी वापरणारे, वापरून सोडलेले, आणि कधीच न घेतलेले. तिसऱ्या गटाशी निवांत बोलायचं, प्रश्नावली पुढे सरकवून भागत नाही. ‘बुलेट आवडते का?’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर होच येतं. ‘शेवटी दुसरी गाडी का घेतलीत?’ असं विचारायचं. गॅरेजवाल्याकडेही जायचं. गाडी कशासाठी दुरुस्तीला येते हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.

बुलेटच्या बाबतीत या चौकशीतून काय निघालं असतं, हे तिच्या जगात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. सांध्यांतून ऑइल गळतं. वायरिंग दगा देतं. इंजिन जाम होतं. किक मारता येत नाही. रोज ऑफिसला न्यायची सोय नाही. पण त्याच माणसाला गाडीचं चित्र काढायला सांगा: गोल दिवा, थेंबासारखी टाकी, सोनेरी रेघा. आणि आवाजाची नक्कल तर लहान मूलही करतं. महाराष्ट्रात ‘फायरिंग’ म्हटलं की लोकांना कळतं, गोष्ट बुलेटची चालली आहे.

निदान इथे पक्कं होतं. ओळख पूर्ण आहे, प्रतिमा जबरदस्त आहे, फक्त विश्वास नाही. लोक गाडीवर प्रेम करतात आणि पैसे दुसऱ्या गाडीला देतात. नाव ठणठणीत आहे, यंत्र आजारी आहे. जाहिरात ज्या गोष्टी मिळवून देते त्या या ब्रँडकडे आधीच आहेत. जे नाही ते कारखान्यातच तयार होऊ शकतं.

निदान चुकलं तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल या जुन्या मोटारीची गिऱ्हाइकं वयस्क होत चालली होती. 1988 मध्ये कंपनीने जाहिरात केली की ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नाही. तरुण शोरूममध्ये आले तरी समोर उभी असलेली मोटार त्यांना वेगळी वाटेना. आणि जे वडील ती घेत होते, त्यांना आपल्याला हाकलल्यासारखं वाटलं. 2004 मध्ये शेवटची ओल्ड्समोबिल बनली.

उत्तराचा गाभा पुढच्या पायरीत आहे: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही. ही विभागणी करताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा. हे काढून टाकलं तर तिसऱ्या गटातला माणूस म्हणेल का, की ‘ही बुलेट नाही’? उजवा गिअर काढला तर तो असं म्हणणार नाही, उलट सुटकेचा श्वास सोडेल. सेल्फ स्टार्ट दिला तरी म्हणणार नाही. गोल दिवा काढला तर मात्र नक्की म्हणेल.

इंजिनाचं उत्तर इतकं सोपं नव्हतं. ऑइल गळण्याचं एक मोठं कारण रचनेतच होतं: इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कप्प्यांत असल्यामुळे सांधे जास्त, आणि जितके सांधे तितक्या गळतीच्या जागा. नव्या रचनेत हे सगळं एकाच कवचात बसवायचं होतं. त्याने गळती थांबते, सुटे भाग कमी होतात आणि प्रदूषणाचे कडक होत जाणारे नियमही पाळता येतात. पण बुलेटचं ते संथ, भारदस्त फायरिंग जुन्या इंजिनाच्या घडणीतूनच येत होतं. कंपनीने आवाज जुन्याच्या शक्य तितका जवळ ठेवण्यासाठी मेहनत घेतली, तरी हुबेहूब तो काही आला नाही. जुने शौकीन आजही हळहळतात. मला त्यांची हळहळ खरी वाटते, आणि तरीही निर्णय योग्य होता असंच मी म्हणेन. ते इंजिन तसंच ठेवलं असतं, तर प्रदूषणाच्या नियमांनीच ते बंद पाडलं असतं.

क्रम आणि पैसा याबद्दल विद्यार्थी सहसा लिहितच नाहीत. लाल यांनी आधी गळती थांबवली: जयपूरचा कारखाना बंद केला, विक्रेत्यांच्या सवलती काढल्या. पुढे आयशरने आपल्या पंधरा धंद्यांपैकी तेरा सोडले. ट्रॅक्टरचा धंदासुद्धा 2005 मध्ये टॅफे या कंपनीला विकला. लक्ष आणि भांडवल दोन धंद्यांवर आलं, ट्रक आणि मोटरसायकल. नवं इंजिन तयार झालं आणि भारतात 2009 च्या नोव्हेंबरमध्ये ‘क्लासिक’ बाजारात आली. दिसायला 1950 च्या जमान्यातली, चालवायला आजची. इथपर्यंत यायला जवळजवळ दहा वर्षं गेली. ज्या उत्तरात हे सगळं अठरा महिन्यांत होतं, ते लिहिणाऱ्याने कारखाना कधी पाहिलेला नसतो.

प्रचार झाला तो गाडीच्या वापरातूनच: हिमालयातल्या मोहिमा, गोव्यातला रायडर मेनिया. बिघडणाऱ्या गाडीवर लोकांना खारदुंग-ला खिंडीत पाठवलं, तर तीच मोहीम बदनामी ठरू शकते.

मोजमाप कशाने करायचं? 2005 च्या सुमारास वर्षाला 25,000 च्या आसपास विकल्या जाणाऱ्या गाड्या 2010 मध्ये 50,000 च्या वर गेल्या आणि 2014 मध्ये तीन लाखांवर. पण नुसती विक्री पाहू नये. सवलतीशिवाय गाडी जाते का, जुन्या गाडीला भाव काय मिळतो, हमीच्या काळात तक्रारी किती येतात, घेणाऱ्याचं वय काय, हे खरे निकष. क्लासिकसाठी लोक महिनोन्‌महिने थांबत होते. दहा वर्षांपूर्वी गाडी खपवायला सवलत द्यावी लागणाऱ्या कंपनीसाठी या प्रतीक्षायादीहून चांगला पुरावा नव्हता.

मर्यादाही उत्तरात याव्यात. 2013 ची कॉन्टिनेंटल जीटी 535 फारशी चालली नाही आणि पाच वर्षांत मागे घ्यावी लागली. बुलेटच्या नावाचा सगळा जोर तिच्यामागे उभा राहिला नाही. 2018 मध्ये वर्षाला आठ लाखांवर पोचलेली विक्री पुढच्या दोन वर्षांत घसरली. गाडी थरथरते ही तक्रार 2009 मध्ये खपून जात होती, दशकभराने ती खपेना. मग कंपनीने 2020 मध्ये मिटिऑरमध्ये आणि 2021 मध्ये क्लासिकमध्ये पुन्हा नवं इंजिन बसवलं, थरथर कमी करणारा तोलदंड घातला, सांगाडाही बदलला. गोल दिवा आणि थेंबासारखी टाकी जागेवरच राहिली. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात विक्री दहा लाखांच्या पुढे गेली.